तुपाच्या दोन बरण्या



मागच्या दिवाळीची गोष्ट आहे, पण लिहायला आत्ता सवड मिळाली. खरं सांगायचं तर मधले काही दिवस मला ती लिहावीशी वाटत नव्हती. का, ते शेवटी कळेल.

निर्वाण लाडवासाठी आणि घरच्या फराळासाठी मी नेहमीच्या दुकानातून किराणा मागवला होता. दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदार आपल्यातलाच आहे, त्याची आई आणि मी लहानपणी एका पाठशाळेत होतो, आणि तो मला काकू म्हणतो. सामानात एकेक लिटरच्या तुपाच्या दोन बरण्या होत्या, एकाच कंपनीच्या. एक बरणी त्याच दुपारी बेसन भाजायला उघडली आणि उरलेलं तूप स्टीलच्या डब्यात ओतून बरणी कचऱ्याच्या डब्यात गेली.

संध्याकाळी सूनबाई बिल बघत होती. ती म्हणाली, "आई, यांनी तुपावर टॅक्स वरून लावलाय. छापील किमतीत टॅक्स धरलेला असतो ना?"

बिलात तूप असं होतं: दोन नग, दर ६७२, रक्कम १३४४. आणि अगदी खाली बारीक अक्षरात सीजीएसटी ३२, एसजीएसटी ३२. तिनं दोन्ही ३२ मिळवून आपण ६४ रुपये जास्त दिले असा हिशेब केला होता.

हा गोंधळ पुष्कळ जणींचा होतो म्हणून आधी हेच सांगते. पाकिटावर जी किंमत असते तिच्यापुढे "सर्व करांसहित" असं लिहिलेलं असतं. म्हणजे त्या आकड्याच्या पोटातच कर आहे. दुकानदाराला मात्र कर किती हे बिलात वेगळं काढून दाखवावं लागतं. तो आकडा बहुतेक बिलांत फक्त माहितीसाठी असतो, एकूण रकमेत दुसऱ्यांदा मिळवलेला नसतो. खात्री करायची रीत सोपी आहे. करपात्र रक्कम अधिक कर, याची बेरीज करायची आणि ती वस्तूच्या छापील किमतीपेक्षा जास्त होते का बघायचं. आमच्या बिलात तुपाची करपात्र रक्कम १२८० होती. १२८० अधिक ६४ म्हणजे १३४४. म्हणजे कर आत होता. हेच जर १३४४ वर पुन्हा ६४ चढवून १४०८ घेतले असते तर तो गैरप्रकार ठरला असता, मग बिल कितीही छान छापलेलं का असेना.

माझ्या लग्नाआधी हे असं नव्हतं. मी बी. कॉम. करत असताना माहेरच्या दुकानात संध्याकाळी वह्या लिहायला बसायची. तेव्हा साबणाच्या वेष्टनावर किंमत असायची आणि पुढे "स्थानिक कर वेगळे". आता स्थानिक कर म्हणजे विक्रीकर किती आणि जकात किती, हे गिऱ्हाइकाला कुठून कळणार? दुकानदार म्हणेल तो कर. वडील सरळ होते, पण समोरच्या दुकानात तोच साबण वीस पैसे महाग मिळायचा आणि विचारलं की उत्तर एकच, "टॅक्स आहे बाई." १९९० साली सरकारनं नियम बदलला आणि कंपन्यांनी सर्व कर धरून जास्तीत जास्त किंमत छापलीच पाहिजे असं ठरवलं. आपण जिला एमआरपी म्हणतो ती तेव्हापासून सक्तीची झाली. आता हा विषय वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ या नियमांखाली येतो. छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊन विकायचं नाही, असं त्यात दुकानदाराला स्पष्ट सांगितलेलं आहे. थंड करण्याचे दोन रुपये, सुटे नाहीत म्हणून एक रुपया, सणाची टंचाई, काही चालत नाही. कमी घ्यायला मात्र पूर्ण मुभा आहे.

तर सूनबाईची शंका मिटली. पण ६७२ हा आकडा माझ्या डोक्यात बसला. कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता. तो निर्णय ३ सप्टेंबरला झाला तेव्हा आपले दशलक्षण चालू होते आणि मंदिरातून बाहेर पडताना बायकांत चर्चा हीच होती, की तूप, सुका मेवा, साबण, तेल सगळं स्वस्त होणार. मग दिवाळीत तूप जुन्याच भावात कसं?

मी उरलेली बरणी काढली. लेबलावर लिहिलं होतं, "किंमत, बॅच क्रमांक व तारीख झाकणावर पाहा." झाकण चष्मा लावून पाहिलं. तिथे ६३० छापलं होतं. पॅकिंग ऑक्टोबरचं. बिलात ६७२.

म्हणजे बेचाळीस रुपये जास्त. दोन बरण्यांचे चौऱ्याऐंशी.

मी तेवढ्यावरच चप्पल घालायला निघाले होते. पण वह्या लिहिलेल्या हाताला एक सवय असते, व्हाउचर पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही. दुसऱ्या बरणीचं झाकण मी पाहिलंच नव्हतं. कचऱ्याचा डबा उपसला. बरणी वर निघाली, झाकण खाली कोथिंबिरीच्या देठांत. तुपकट हातानं शाई अर्धी पुसली होती, तरी आकडा वाचता येत होता. ६७२. पॅकिंग ऑगस्टचं.

एकाच बिलात, एकाच ओळीत, एकाच भावानं आलेल्या दोन बरण्या. एकीच्या बाबतीत दुकानदारानं नियम मोडला होता आणि दुसरीच्या बाबतीत नाही.

हे नीट समजून घेऊ या. एमआरपी ही त्या कंपनीच्या तुपाची नसते. ती तुमच्या हातातल्या त्या नगाची असते. त्याच्यावर जे छापलंय तेच त्याचं छत. शेजारच्या बरणीवर काय आहे, वहिनींनी परवा कितीला आणली, टीव्हीवर काय सांगितलं, याचा त्या छताशी संबंध नाही. म्हणून ६३० वाल्या बरणीचे ६७२ घेणं चूक. ६७२ वाल्या बरणीचे ६७२ घेणं छापील किमतीच्या नियमाला धरून.

"मग करकपातीचं काय?" असं सूनबाईनं विचारलं आणि ते रास्तच होतं. जुन्या भावात मूळ किंमत ६०० होती आणि १२ टक्क्यांनी कर ७२, मिळून ६७२. नव्या करानं मूळ किंमत ६०० आणि ५ टक्क्यांनी ३०, मिळून ६३०. बरोबर नव्या झाकणावरचा आकडा. पण आमच्या बिलात ६७२ घेऊन कर मात्र ५ टक्क्यांनीच दाखवला होता. ६७२ ला १०५ नं भागून १००ने गुणलं की येतात ६४०, आणि कर ३२. म्हणजे जी मूळ किंमत ६०० होती ती बिलात ६४० झाली. सरकारनं सोडलेला कर मधेच कुठेतरी राहिला. ही गोष्ट बरोबर नाही, पण ती छापील किमतीपेक्षा जास्त घेतल्याची तक्रार नाही. ती वेगळी तक्रार आहे आणि दोन्ही एका दमात सांगितल्या तर समोरचा माणूस दुसरीचं उत्तर देऊन पहिली झाकून टाकतो.

जुन्या मालाबद्दल सरकारनं तेव्हा कंपन्यांना सवलत दिली होती. २२ सप्टेंबरच्या आधी बनलेल्या, न विकलेल्या मालावर नवी कमी किंमत शिक्क्यानं किंवा चिकटपट्टीनं लावता येईल, पण जुनी छापील किंमत झाकायची नाही, ती दिसत राहिली पाहिजे. पुढे ही चिकटपट्टी ऐच्छिक केली. कंपन्यांनी विक्रेत्यांना सुधारित भावपत्रक पाठवावं आणि दुकानदारानं त्याप्रमाणे कमी भाव लावावा, असं ठरलं. त्यामुळे त्या दोनतीन महिन्यांत जुनी किंमत छापलेला, पट्टी नसलेला माल दुकानात दिसणं यात वावगं काही नव्हतं.

चिकटपट्टीवरून आठवलं. एरवीसुद्धा किमतीवर पट्टी दिसली की थांबून बघा. किंमत कमी करायची असेल तर पट्टी लावता येते, पण खालची मूळ किंमत वाचता आली पाहिजे. मूळ आकडा झाकून वर मोठा आकडा चिकटवणं, खरवडणं, शाईनं गिरवणं, हे दुकानदाराला करता येत नाही. त्याच दिवाळीत एका दुसऱ्या दुकानात मी बदामाचं २५० ग्रॅमचं पाकीट उचललं. किमतीच्या जागी दुकानाची स्वतःची पट्टी, ३०० रुपये. खालचं काही दिसेना. पण पट्टी लावणाऱ्याला एक ओळ ठाऊक नसावी. अलीकडे पाकिटावर एका ग्रॅमची किंमतही छापावी लागते. किलोच्या आतलं पाकीट असेल तर दर ग्रॅमला किती, किलोच्या वरचं असेल तर दर किलोला किती. बदामाच्या पाकिटावर ती ओळ जरा बाजूला होती, १.१२ रुपये प्रति ग्रॅम. २५० गुणिले १.१२ म्हणजे २८०. तो आकडा दोन दशांशांपर्यंतच देतात म्हणून कधी रुपया-आठ आण्यांचा फरक पडतो, पण वीस रुपयांचा पडत नाही. मी पाकीट जागेवर ठेवलं आणि बाहेर आले. घेतलंच नाही तर बिल नाही, आणि बिल नाही तर भांडायला पाया नाही. तिथे तोंड उघडायला हवं होतं असं आता वाटतं. पाकिटाचा फोटो काढला असता तरी पुरलं असतं.

पुन्हा तुपाकडे येते. दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन करून तशीच दुकानात गेले. जाण्याआधी दोन्ही झाकणांचे फोटो काढले, बॅच क्रमांक दिसेल असे, आणि बिलाचाही काढला. या गुळगुळीत कागदाची बिलं महिन्या-दोन महिन्यांत पांढरीफटक होतात, तुपाचा हात लागला तर त्याआधीच. गर्दी ओसरेपर्यंत थांबले. चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला तर दुकानदार आकडा बघत नाही, इज्जत बघतो.

झाकण पुढे ठेवून म्हटलं, "बाळा, यावर किती लिहिलंय?"

"सहाशे तीस, काकू."

"आणि बिलात?"

त्यानं बिल पाहिलं, मग काउंटरवरच्या मुलाला हाक मारली. मुलानं यंत्रानं बारकोड वाचला. संगणकावर एकाखाली एक दोन ओळी आल्या, ६७२ आणि ६३०. कंपनीनं किंमत बदलली तरी बारकोड तोच ठेवला होता. अशा वेळी यंत्र विचारतं की यातली कुठली किंमत, आणि बिल करणाऱ्यानं हातातला नग बघून ओळ निवडायची असते. मुलगा दर वेळी एंटर दाबत होता आणि पहिली ओळ जात होती. शिवाय सारख्या वस्तू असल्या की एक नग वाचून पुढे "२" मारायची त्याची पद्धत. दोन बरण्या वेगवेगळ्या वाचल्या असत्या तरी कदाचित लक्षात आलं असतं.

म्हणजे लबाडी नव्हती. पण पैसे गेलेच होते, आणि फक्त माझे नाही. त्यानं आठवडाभराची तुपाची विक्री काढली. ६३० वाली पेटी येऊन पाच दिवस झाले होते आणि त्या पाच दिवसांत ६३० नं एकही बिल झालं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. त्यानं मला बेचाळीस रुपये दिले आणि बिल दुरुस्त करून दिलं. उधारीच्या वहीतली गिऱ्हाइकं त्याला शोधता येणार होती. रोखीची कुठून शोधणार?

दुसऱ्या बरणीचं मी मागितलं नाही, फक्त विचारलं. तो म्हणाला, "काकू, तो माल मी बारा टक्के भरून घेतलाय. मला कसं परवडेल?" हे मात्र मला पटलं नाही. त्यानं खरेदीवर भरलेला कर त्याच्या खात्यावर जमा असतो आणि विक्रीच्या करातून वळता होतो. तो त्याच्या खिशातून जात नाही. मी म्हटलं, "तुझ्या सीएला विचार. आणि कंपनीचं नवं भावपत्रक आलंय का ते डीलरला विचार." त्यानं तिथेच फोन लावला. भावपत्रक आलेलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर, न उघडलेलं. जुन्या मालालाही ६३० लावा असं त्यात होतं. सोमवारी तो मुलगा दुसरे बेचाळीस रुपये घरी आणून देऊन गेला.

नाहीच ऐकलं असतं तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करणार होते. तिथे दुकानाचं नाव, बिलाची तारीख, छापील किंमत आणि घेतलेली किंमत एवढंच आधी विचारतात. दुकानांची तपासणी राज्याचं वैध मापन खातं करतं, तिथेही लेखी तक्रार देता येते. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीचं स्वतंत्र कारण आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात फी लागत नाही. बेचाळीस रुपयांसाठी आयोगात कोणी जात नाही हे मलाही कळतं. पण झाकण आणि बिल जपून ठेवलेलं असलं की बोलताना आवाज कापत नाही.

एका ठिकाणी मात्र हे सगळं लागू नाही, ते माहीत असू द्या, नाहीतर उगाच वाद होतो. हॉटेलात बसून पाण्याची बाटली मागवली आणि छापील किमतीपेक्षा जास्त लावले, तर तिथे एमआरपीचा नियम दाखवता येत नाही. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं असा निकाल दिला, की तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायची जागा आणि वाढण्याची सेवाही त्यात असते. आपण घरचं गाळलेलं पाणी बरोबर नेणाऱ्या, आपला प्रश्न नाही. पण नातवंडांना घेऊन जाता तेव्हा लक्षात ठेवा. दुकानाच्या फ्रिजमधल्या बाटलीला मात्र ही सूट नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

बेचाळीस रुपये पर्समध्ये ठेवून मी निघाले, तेव्हा त्यानं मागून हाक मारली. रागानं नाही, अगदी नम्रपणे. काउंटरच्या कोपऱ्यात एक टोपली असते, तिच्यातलं पाकीट उचलून तो म्हणाला, "काकू, एक विचारू? यावर किंमत कुठंय?"

ते पाकीट माझंच होतं. बिनलसणाची शेंगा चटणी. सोलापूरची चटणी सगळीकडे मिळते पण लसणाची. आपल्या लोकांना चालेल अशी म्हणून मी आणि माझ्या जाऊबाई चारेक वर्षांपासून करतो. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. पारदर्शक पिशवी, मेणबत्तीऐवजी आता सीलिंगचं यंत्र, आत चिठ्ठी, "शेंगा चटणी, लसूणविरहित", आणि जाऊबाईंचा फोन नंबर. एवढंच. वजन नाही, तारीख नाही, किंमत नाही. तो विकायचा नव्वदला. जाऊबाई घरून कोणाला ऐंशी सांगायच्या, पुण्याच्या पाहुण्यांना शंभर. आणि पाकीट कधी १९० ग्रॅम भरायचं, कधी २१०. हातानं भरलेलं.

मी म्हटलं, "अरे, ही घरगुती आहे."

तो म्हणाला, "काकू, तूपसुद्धा कुणाच्या तरी घरचंच असतं."

तेव्हा हसले, पण घरी येऊन झोप लागेना. घरगुती असो की कारखान्यातली, गिऱ्हाईक समोर नसताना जी वस्तू आधीच ठरावीक मापानं बांधून ठेवली ती आवेष्टित वस्तू. समोर तोलून पुडीत बांधून दिली तर सुटी, मग किंमत छापायचा प्रश्न नाही. आमची पाकिटं तर चार दिवस आधी सील होऊन टोपलीत बसायची. अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत घोकले होते, त्यातलं हीनाधिकमानोन्मान हे नाव उच्चारायलाच कठीण म्हणून अजून पाठ आहे. कमीजास्त माप. पाठ होतं, आणि १९० ग्रॅमचं पाकीट सील करताना आठवलं नव्हतं. ज्याला माझ्या पाकिटाची किंमत माहीत नाही त्याच्याकडून जास्त घेतले हे तो कशावरून सिद्ध करणार? झाकण पुढे ठेवून विचारायची सोयच मी ठेवली नव्हती.

जाऊबाईंना सांगितलं तर त्या आधी चिडल्या. "दुसऱ्याचं काढायला गेलात आणि घरात घेऊन आलात," म्हणाल्या. दोन दिवसांनी स्वतःच वजनकाटा घेऊन आल्या, सरकारी शिक्का असलेला.

लेबल आम्ही दोघींनी जेवणाच्या टेबलावर बसून ठरवलं. वस्तूचं नाव. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता. निव्वळ वजन २०० ग्रॅम, आणि निव्वळ म्हणजे पिशवीचं वजन सोडून, हे जाऊबाईंना दोनदा सांगावं लागलं. पॅकिंगचा महिना आणि वर्ष. तक्रारीसाठी फोन आणि ई-मेल. कमाल किरकोळ किंमत ९० रुपये, सर्व करांसहित. आणि त्याखाली दर ग्रॅमला ०.४५ रुपये. खाद्यपदार्थ म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी, घटक आणि हिरवा ठिपका वेगळा. शिवाय पॅकर म्हणून वैध मापन खात्याकडे नोंदणीचा अर्ज करावा लागतो, तो लेकानं भरून दिला. किंमत ठरवताना वाद झालाच. जाऊबाईंना शंभर छापायचं होतं, "छापून ठेवू, घेऊ नव्वदच." नियमात ते बसतंही, कारण छताच्या खाली कितीही घेता येतं. पण पुण्याचे पाहुणे आले की त्या शंभरच घेणार हे मला माहीत होतं, म्हणून मी नव्वदवर अडून बसले.

पहिली दोनशे लेबलं टिळक चौकाजवळच्या छापखान्यातून आली त्यात "करांसहित" ऐवजी "करांरहित" छापून आलं. सगळी परत केली. एक मात्र ठेवलंय, फ्रिजवर चुंबकानं लावून. सूनबाई येता-जाता वाचते आणि हसते.

बिनलसणाची चटणी आता त्याच टोपलीत असते, तुपाच्या बरण्यांच्या शेजारी. परवा गेले तर त्यानं पाकिटाला बारकोड करून लावलेला दिसला. मुलानं यंत्रानं वाचला, पाकीट उलटं करून किंमत पाहिली, मग एंटर दाबलं.